भाव कुठल्या तारखेचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून ९ एप्रिल २०२५ रोजी एक ट्रक निघतो. त्यात पंपाची ३०० केसिंग आहेत, एकेक १८ किलोचं. माल वेळेवर पोचतो, स्टोअर्समध्ये उतरतो, तपासणीत पास होतो. पण पैसे येत नाहीत. महिनाभरानं फौंड्रीतला अकाउंटंट फोन करतो, तेव्हा पंप कंपनीच्या अकाउंट्समधून शांत आवाजात उत्तर येतं, "साहेब, तुमचं बिल होल्डवर आहे. रेट मॅच होत नाही."

हे प्रातिनिधिक उदाहरण आहे आणि त्यातले आकडे समजायला सोपे केलेले आहेत. पण शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या कुठल्याही फौंड्रीत ते वाचून दाखवलं, तर ऐकणारे माना डोलावतील. ओतकाम करणाऱ्या, दहा-वीस मोठ्या कंपन्यांना कास्टिंग पुरवणाऱ्या उद्योगात मालाच्या दर्जावरून जेवढे वाद होतात, त्याच्या जवळपास जाणारे वाद भावाच्या तारखेवरून होतात. आणि दर्जाचा वाद निदान माल समोर ठेवून मिटवता येतो.

घडलं ते असं. पंप कंपनीनं १२ मार्चला ५०० केसिंगची ऑर्डर दिली. त्या वेळी ठरलेला भाव किलोला ९६ रुपये, म्हणजे नगाला १,७२८ रुपये. मार्चमध्ये २०० नग गेले, ३०० शिल्लक राहिले. दरम्यान कच्चा माल महागला आणि १ एप्रिलपासून या कंपनीसाठी किलोला १०१ रुपये, म्हणजे नगाला १,८१८ रुपये असा नवा भाव ठरला. दोन्ही बाजूंना तो मान्य होता. पण तो १ एप्रिलनंतरच्या ऑर्डरींसाठी होता. १२ मार्चच्या ऑर्डरवर स्पष्ट लिहिलेलं होतं, की ऑर्डर पूर्ण होईपर्यंत भाव बदलणार नाही.

फौंड्रीतल्या कॉम्प्युटरवर बिल बनवणाऱ्यानं एप्रिलमध्ये भाव पाहिला, तर १०१ दिसला. तो त्यानं लावला. नगामागे ९० रुपये जास्त, ३०० नगांचे २७,००० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला तर ३१,८६० रुपये. एवढ्याशा फरकासाठी ६,४३,५७२ रुपयांचं अख्खं बिल अडकलं. मोठ्या कंपन्यांत बिल पास होण्यापूर्वी तीन कागद एकमेकांशी ताडून पाहतात: त्यांची स्वतःची ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल. नग जुळले आणि भाव जुळला नाही, तर कॉम्प्युटर बिल पुढे सरकवत नाही. कोणी माणूस रागावलेला नसतो, त्यामुळे कोणाला फोन करून सांगावंसंही वाटत नाही. बिल नुसतं पडून राहतं.

फौंड्रीवाल्यांच्या बाबतीत हा गोंधळ जास्त का होतो, याचं कारण त्यांच्या भावातच आहे. कास्टिंगचा भाव बहुधा किलोवर ठरतो आणि त्यातला मोठा भाग पिग आयर्न, स्क्रॅप, फेरो-सिलिकॉन आणि वीज यांचा असतो. यातली एकही गोष्ट वर्षभर एका दरात मिळत नाही. म्हणून प्रत्येक ग्राहकाशी करार होतो, की कच्च्या मालात इतका फरक पडला की कास्टिंगच्या भावात इतका फरक करायचा. कोणाचा आढावा दर महिन्याला, कोणाचा तिमाहीला, कोणाचा सहा महिन्यांनी. भाव नेहमी वरच जातो असंही नाही. २२ मे २०२२ रोजी केंद्र सरकारनं पोलादाच्या अनेक प्रकारांवर आणि पिग आयर्नवर १५ टक्के निर्यात शुल्क बसवलं आणि देशातले दर खाली आले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला ते शुल्क काढून टाकलं. एका वर्षात भाव चढले, उतरले आणि पुन्हा हलले. भाव उतरतात तेव्हा जुन्या, चढ्या भावाच्या ऑर्डरीही शिल्लक असतात आणि मग नव्या स्वस्त भावाचा आग्रह ग्राहक धरतो. जुनी ऑर्डर जुन्याच भावानं पुरी करायची, हा नियम तेव्हा फौंड्रीच्या कामी येतो. म्हणून तो दोन्ही बाजूंना पाळावा लागतो.

तर मग एकाच केसिंगचे चार ग्राहकांसाठी चार भाव, प्रत्येकाची बदलण्याची तारीख वेगळी आणि त्यात अर्धवट राहिलेल्या जुन्या ऑर्डरी. हे सगळं नीट ठेवायचं कसं?

पहिली गोष्ट, जुना भाव खोडायचा नाही. बहुतेक छोट्या कारखान्यांत एक्सेलची एक यादी असते: ग्राहक, पार्ट, भाव. भाव बदलला की ९६ वर टिचकी मारून १०१ लिहितात. त्या क्षणी ९६ हा आकडा जगातून नाहीसा होतो. तो कधीपर्यंत होता आणि कोणत्या पत्रानं बदलला, हे सांगायला कारखान्यात एकच जागा उरते, ती म्हणजे जुन्या माणसाची आठवण. त्याऐवजी यादीत चौथा रकाना लागतो, ‘लागू तारीख’. नवा भाव आला की जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी ओळ लिहायची. पंप कंपनीच्या केसिंगच्या मग दोन ओळी होतात: ९६ रुपये, १ ऑक्टोबर २०२४ पासून, १०१ रुपये, १ एप्रिल २०२५ पासून. एखाद्या तारखेचा भाव हवा असेल तर त्या तारखेच्या आधीची किंवा त्याच तारखेची सगळ्यात ताजी ओळ शोधायची. १२ मार्चसाठी ९६ मिळतो, १५ एप्रिलसाठी १०१.

‘पासून’ बरोबर ‘पर्यंत’ची तारीखही लिहावी का, हा प्रश्न इथं येतो. लिहिली तर दोन चुका शक्य होतात. एक ओळ ३१ मार्चला संपते आणि पुढची २ एप्रिलला सुरू होते, म्हणजे १ एप्रिलला भावच नाही. किंवा जुनी ओळ ५ एप्रिलपर्यंत चालते आणि पाच दिवस दोन भाव लागू दिसतात. नुसती ‘पासून’ तारीख ठेवली तर या दोन्ही चुका होत नाहीत, कारण पुढची ओळ सुरू झाली की आधीची आपोआप संपते. पण ‘पर्यंत’ची तारीख एका ठिकाणी हवीच: करार संपतो आणि नवा झालेला नाही, तिथं. भाव ३० जूनपर्यंतच द्यायचा ठरला असेल, तर १ जुलैला आलेल्या ऑर्डरवर कॉम्प्युटरनं थांबायला हवं. जुना भाव चालू ठेवणं चूक आणि सगळ्यांसाठीचा सामान्य भाव परस्पर लावणं तर जास्तच चूक.

एक्सेलमध्ये हे करता येतं. अ रकान्यात ग्राहक, मग पार्ट, भाव आणि लागू तारीख अशी यादी `A` ते `D` या स्तंभांत असेल आणि ऑर्डरीतला ग्राहक, पार्ट व ऑर्डरची तारीख `H2`, `I2`, `J2` मध्ये असेल, तर `K2` मध्ये योग्य लागू तारीख आणि `L2` मध्ये भाव असा मिळतो:

```
K2:  =MAXIFS(D:D, A:A, H2, B:B, I2, D:D, "<="&J2)
L2:  =SUMIFS(C:C, A:A, H2, B:B, I2, D:D, K2)
```

यातली चूक ओळखायची खूणही सोपी आहे. भाव शून्य आला, तर त्या तारखेला त्या ग्राहकाचा भावच यादीत नाही. भाव दुप्पट आला, तर एकाच तारखेच्या दोन ओळी कोणीतरी लिहिल्या आहेत आणि सूत्रानं त्यांची बेरीज केली आहे.

इथपर्यंत बऱ्याच कारखान्यांची मजल जाते आणि काम झालं असं वाटतं. खरी अडचण इथंच सुरू होते. वरची दोन सूत्रं ऑर्डरीच्या यादीत तशीच जिवंत ठेवली, तर ऑर्डरीचा भाव तिथं लिहिलेला नसतो. प्रत्येक वेळी तो नव्यानं शोधला जातो. २० मेला कोणी भावयादीत ‘१ मार्चपासून ९८’ अशी मागल्या तारखेची ओळ घातली, तर १२ मार्चच्या ऑर्डरीचा भाव कोणालाही न विचारता ९८ होतो. ऑर्डर छापलेल्या कागदावर ९६, कॉम्प्युटरवर ९८. तारखांची यादी चोख ठेवूनही जुनी ऑर्डर हलली.

म्हणून दुसरी गोष्ट पहिलीइतकीच आवश्यक आहे: ऑर्डर नोंदवताना भाव एकदाच शोधायचा आणि तो आकडा ऑर्डरीच्या ओळीत कोरून ठेवायचा. एक्सेलमध्ये याचा अर्थ सूत्र काढून तिथं नुसती किंमत चिकटवायची. कॉम्प्युटर प्रणाली असेल, तर ऑर्डरीच्या प्रत्येक ओळीला स्वतःचा भाव असायला हवा आणि बिल त्या ओळीतून बनायला हवं. भावयादीकडे बिलानं बघायचंच नाही. यादीचं काम नव्या ऑर्डरीला भाव सुचवणं. ठरलेला भाव जपणं हे ऑर्डरीचं काम. दोन्ही कामं एकाच यादीवर टाकली की घोटाळा अटळ आहे, मग प्रणाली कितीही महागाची असो.

टॅली वापरणाऱ्यांना हा फरक हाताशी दिसतो. टॅलीत ‘प्राइस लेव्हल’ असतात. ग्राहकाच्या खात्याला त्याची लेव्हल जोडता येते आणि प्रत्येक लेव्हलच्या भावयादीला ‘Applicable From’ तारीख देता येते. म्हणजे तारखेची यादी तयारच आहे. पण बिल बनवताना जर त्यात ऑर्डर नंबर निवडला, तर भाव ऑर्डरीतून येतो. नंबर न निवडता थेट माल आणि नग टाकले, तर भाव बिलाच्या तारखेच्या यादीतून येतो. शिरोलीच्या ट्रकच्या बाबतीत नेमकं हेच झालं. घाई होती, गाडी गेटवर उभी होती, ऑर्डर नंबर निवडायचा राहिला. याचा पुरावा बिल अडकण्याच्या आधीच समोर होता: माल जाऊनही शिल्लक ऑर्डरींच्या अहवालात ते ३०० नग तसेच बाकी दिसत होते. गेलेला माल शिल्लक दिसतो, तेव्हा ते बिल ऑर्डरीशी जोडलेलं नाही आणि त्याचा भाव संशयास्पद आहे, असं समजायला हरकत नाही. हा अहवाल रोज संध्याकाळी पाहणारा माणूस कारखान्याचे फार पैसे वाचवतो.

संध्याकाळी म्हणायचं कारण आहे. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना कंपन्यांना दिलेल्या मालाचं ई-इनव्हॉइस बनवावं लागतं आणि ते पोर्टलवर रद्द करायला फक्त २४ तास मिळतात. त्यात दुरुस्ती करता येत नाही. त्यानंतर भाव चुकला असं कळलं, तर फरकाची क्रेडिट नोट देण्यावाचून मार्ग नाही. मग ती नोट ग्राहकाकडे पाठवा, त्यांच्या अकाउंट्समध्ये ती नोंदवली जाईपर्यंत वाट पाहा आणि मग बिल सुटतं.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नियमाइतकाच खरा आहे. ट्रॅक्टर आणि वाहन कंपन्या सहसा ठरावीक नगांची ऑर्डर देत नाहीत. त्यांची ‘ओपन ऑर्डर’ असते, वर्ष-दोन वर्षांसाठी, आणि दर महिन्याला त्या महिन्याचं शेड्युल येतं. अशा ऑर्डरीची तारीख दोन वर्षं जुनी असू शकते. तिचा भाव ऑर्डरीच्या तारखेवर ठरवायचा म्हटलं, तर फौंड्री बंद पडेल. तिथं ठरलेलं असतं, की माल ज्या दिवशी निघाला त्या दिवसाचा भाव. म्हणजे ‘ठरलेला भाव’ म्हणजे एखादा आकडा नसून एक नियमही असू शकतो. म्हणून ग्राहकाच्या नोंदीत आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी लागते: या ग्राहकाला भाव कुठल्या तारखेचा लावायचा, ऑर्डरीच्या की डिस्पॅचच्या? हे लिहिलेलं नसलं, की बिल करणारा सगळ्यांना एकच नियम लावतो आणि कोणत्या तरी एका गटाची बिलं चुकतात.

ट्रॅक्टर कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. भाव बदलण्याचं पत्र, ज्याला सगळे ‘अमेंडमेंट’ म्हणतात, ते नेहमी उशिरा येतं. समजा ट्रान्समिशन हाउसिंगचा भाव ९८ वरून १०१ रुपये ५० पैसे झाला, १ एप्रिलपासून. पण पत्र आलं २० मेला. एका हाउसिंगचं वजन ६२ किलो. फरक नगामागे २१७ रुपये. १ एप्रिल ते २० मे या काळात ८४० नग गेले. म्हणजे १,८२,२८० रुपये येणं आहे.

अशा वेळी काही ठिकाणी मागची बिलं उघडून भाव बदलण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण ती बिलं चुकीची नव्हती. ज्या दिवशी ती बनली, त्या दिवशी हातात असलेला भाव ९८ होता. ग्राहकाच्या ऑर्डरीतही ९८ होता. बिलं तशीच ठेवून फरकाची डेबिट नोट काढायची. तिला प्रत्येक बिलाचा नंबर, तारीख, नग आणि फरक यांची यादी जोडायची आणि त्यावर मूळ पुरवठ्याच्या वेळचा १८ टक्के कर लावायचा. तो ३२,८१० रुपये ४० पैसे होतो. कायद्याच्या भाषेत हे सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये येतं. भाव कमी झाला असता, तर त्याच यादीसह क्रेडिट नोट गेली असती.

हे हिशेब जमायचे, तर भावयादीत आणखी एक तारीख हवी: ती ओळ कोणत्या दिवशी लिहिली गेली. १०१.५० च्या ओळीला लागू तारीख १ एप्रिल आणि नोंद तारीख २० मे. पहिली तारीख सांगते भाव कधीपासून द्यायचा, दुसरी सांगते कारखान्याला तो कधी कळला. वर्षानं ऑडिटर विचारतो, "७ मेच्या बिलात ९८ का लावला?" तेव्हा उत्तर या दोन तारखांत असतं: कारण भाव बदलल्याची नोंद २० मेची आहे, आणि ही घ्या फरकाची डेबिट नोट. लागू तारखेपासून नोंद तारखेपर्यंत गेलेला सगळा माल म्हणजेच फरक काढायची यादी. दोन तारखा असतील तर ही यादी कॉम्प्युटर एका मिनिटात देतो. एकच तारीख असेल तर एक माणूस फायली घेऊन बसतो आणि त्याच्याकडून काही बिलं सुटतातच.

भाव गोठवायचा म्हणजे सगळंच गोठवायचं, असा समजही काही ठिकाणी झालेला दिसतो. तो सप्टेंबर २०२५ मध्ये फार जणांना महागात पडू शकला असता. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टरच्या काही भागांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि त्या भागांत ट्रान्समिशन हाउसिंगही आहे. आता १ सप्टेंबरची ऑर्डर, भाव नगाला ६,२९३ रुपये, आणि माल निघाला २५ सप्टेंबरला. भाव तोच राहतो, कारण तो दोघांत ठरला आहे. कर मात्र ऑर्डरीच्या तारखेवर चालत नाही. दर बदलला तेव्हा कोणता कर लावायचा, हे सीजीएसटी कायद्याचं कलम १४ पुरवठा, बिल आणि पैसे मिळाल्याच्या तारखांवरून ठरवतं. माल आणि बिल दोन्ही बदलानंतरचं असेल तर नवाच दर लागतो. म्हणजे या हाउसिंगचं बिल १८ टक्क्यांनी ७,४२५ रुपये ७४ पैशांचं नाही, तर ५ टक्क्यांनी ६,६०७ रुपये ६५ पैशांचं. करासह एकच आकडा ऑर्डरीत कोरून ठेवला असेल, तर हे बिल हमखास चुकतं. ऑर्डरीत ठेवायचा तो करावेगळा भाव. कर बिल बनवताना त्या दिवसाचा.

मोठ्या कंपन्यांत चालणाऱ्या सॅप प्रणालीत ऑर्डरीवरून बिल बनताना भावाचं काय करायचं, यासाठी एकेका अक्षराचे पर्याय आहेत. `B` निवडला तर भाव नव्यानं शोधला जातो. `G` निवडला तर ऑर्डरीतला भाव जसाच्या तसा येतो आणि फक्त कर नव्यानं काढला जातो. ही व्यवस्था करणाऱ्यांनी या दोन गोष्टी किती नेमक्या वेगळ्या केल्या आहेत, हे पाहिलं की कौतुक वाटतं. शिरोलीतल्या एक्सेललाही याहून वेगळं काही करायचं नाही.

जुन्या ऑर्डरीचा भाव जपताना आणखी दोन जागी पैसे गळतात आणि दोन्ही ठिकाणी कोणाच्या लक्षात येत नाही. एक म्हणजे वाढीव नग. पंप कंपनीचा माणूस २० एप्रिलला फोनवर म्हणतो, "त्या मार्चच्या ऑर्डरीत शंभर नग वाढवा की." समोरचा ५०० खोडून ६०० करतो आणि ते १०० नग आपोआप ९६ च्या भावात जातात. नवा भाव मान्य झाल्यानंतर आलेली मागणी जुन्या भावात गेली, ९,००० रुपये गेले. वाढीव नगांसाठी त्याच ऑर्डरीत नवी ओळ लागते, तिची स्वतःची तारीख आणि त्या तारखेचा भाव.

दुसरी गळती परत आलेल्या मालाची. कास्टिंग मशिनवर चढवल्यावर आत पोकळी निघते आणि मार्चमध्ये गेलेले २४ नग जूनमध्ये परत येतात. क्रेडिट नोट बनवताना आजचा भाव लावला, तर नगाला १,८१८ रुपये परत जातात. घेतले होते १,७२८. फरक २,१६० रुपयांचा, पण हे दर महिन्याला आणि प्रत्येक ग्राहकाशी होत राहतं. परतीचा भाव नेहमी ज्या बिलानं माल गेला त्याच बिलाचा. म्हणून परतीच्या चलनावर मूळ बिलाचा नंबर मागितल्याशिवाय माल गेटच्या आत घेऊ नये, हा काही फौंड्र्यांचा रिवाज योग्यच आहे.

जुना भाव किती दिवस जपायचा, यालाही मर्यादा हवी. भाव वाढणार अशी कुणकुण लागली, की ग्राहक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वर्षभराची ऑर्डर देऊन टाकतो. मग फौंड्री महाग पिग आयर्न घेऊन स्वस्त केसिंग ओतत बसते. यावर उपाय ऑर्डरीतच असतो: ‘हा भाव ३० जूनपर्यंत उचललेल्या मालासाठी’ हे एक वाक्य. ती तारीख उलटली की उरलेले नग जुन्या ऑर्डरीत बंद करायचे आणि नव्या भावाची नवी ऑर्डर घ्यायची. जुन्या ओळीतला भाव बदलायचा नाही. ओळ शिल्लक नगांसह बंद करायची. यामुळे ५०० नगांच्या ऑर्डरीतले किती नग कोणत्या भावात गेले, हे पुढेही सांगता येतं.

ज्यांच्याकडे आज नुसती खोडून लिहिलेली भावयादी आहे, त्यांना सगळा इतिहास परत उभा करायची गरज नाही. फक्त शिल्लक ऑर्डरींची यादी काढावी आणि प्रत्येक ओळीसमोर ग्राहकाच्या छापील ऑर्डरीतला भाव लिहावा. हे एक-दोन दिवसांचं काम आहे. आजचा भाव आजच्या लागू तारखेनं यादीत पहिली ओळ म्हणून घालावा. यापुढे ओळी फक्त वाढतील. मग मागच्या बिलांत चुकून जास्त लागलेला भाव सापडला, तर त्याची क्रेडिट नोट लवकर काढावी. एप्रिल २०२५ मध्ये गेलेला माल २०२५-२६ या आर्थिक वर्षात मोडतो आणि त्याच्या क्रेडिट नोटवरचा कर आपल्या कर देण्यातून वजा करायचा, तर ती ३० नोव्हेंबर २०२६ किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याचा दिवस, यांपैकी जे आधी येईल त्याच्या आत जीएसटी विवरणपत्रात दाखवावी लागते.